गांडूळ खताचा वाफा : उन्हाळ्यात टिकेल असा कसा चालवावा

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मे महिन्यात दुपारचे तापमान 40 अंशांच्या वर जाणे ही नित्याची गोष्ट आहे. खत करणाऱ्या गांडुळांना मात्र वाफ्यात 20 ते 30 अंश इतकी उष्णता मानवते. ती 35 अंशांच्या पुढे गेल्यास त्यांचे खाणे मंदावते व ती मरू लागतात. म्हणून हिवाळ्यात भरभराटीस आलेला वाफा मे महिन्यात ओस पडतो. हे टाळावयाचे असल्यास वाफ्याची मांडणी, खाद्य, ओल आणि काढणी ह्या चारही गोष्टी उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून ठरवाव्या लागतात.

वाफ्याची मांडणी

पावसाळा संपताच, म्हणजे सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात वाफा सुरू करावा. पुढील चार-पाच महिने हवामान अनुकूल असते व उन्हाळ्यापूर्वी गांडुळांची संख्या वाढलेली असते. एका कुटुंबास 10 फूट लांब, 3 फूट रुंद व दीड फूट उंच वाफा सांभाळण्यास सोपा जातो. रुंदी 3 फुटांहून अधिक असल्यास मध्यभागी हात पोचत नाही. खोली वाढवूनही लाभ होत नाही, कारण ही गांडुळे वरच्या फूटभर थरातच वावरतात. खोल ढिगाऱ्यात हवा खेळत नाही व तो आतून तापतो.

वाफा झाडाच्या सावलीत घ्यावा व त्यावर छप्पर करावे. त्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवून पश्चिमेकडील बाजूस तुराट्यांचा कूड उभारावा, म्हणजे दुपारनंतरचे ऊन आत येत नाही. तळाला एका बाजूस किंचित उतार देऊन जादा पाणी जाण्यासाठी छिद्र ठेवावे. तळाशी तुराट्यांच्या तुकड्यांचा 3 इंचांचा थर द्यावा. मुंग्या येऊ नयेत म्हणून भोवती पाण्याची अरुंद चर असावी.

खाद्य कसे तयार करावे

सिल्लोड भागातील एका शेतकऱ्याकडे एक बैलजोडी, एक गाय व मक्याची ताटे आहेत असे समजू. त्याने ताटांची कडबाकुट्टीवर बारीक कुट्टी करावी. वाळलेली कुट्टी 50 किलो, गिरिपुष्पासारखा हिरवा पाला 50 किलो व शेण 150 किलो घेऊन सावलीत थरावर थर रचून ढीग करावा. इतके शेण आठवड्याभरात सहज साठते. ढीग कोरडा वाटल्यास शेणकाला शिंपावा व दर आठवड्यास तो एकदा वरखाली करावा. तीन आठवड्यांत सुमारे 200 किलो अर्धवट कुजलेले खाद्य मिळते. पऱ्हाट्या वापरावयाच्या असल्यास त्या बारीक करून याहून बऱ्याच अधिक काळ कुजवाव्या लागतात.

अर्धवट कुजविणे ही पायरी वगळता येत नाही. ताजे शेण व ताजा कचरा कुजताना तापतो व त्यातून अमोनिया वायू निघतो. त्यात सोडलेली गांडुळे मरतात किंवा वाफ्याबाहेर पळतात. ढीग निवाला की नाही हे पाहण्यासाठी लोखंडी सळई आत खुपसून पाच मिनिटांनी बाहेर काढावी. ती हातास गरम लागल्यास आणखी थांबावे. सळई थंड लागल्यावर थोडे खाद्य घमेल्यात घेऊन त्यावर दहा-वीस गांडुळे सोडावीत. दुसऱ्या दिवशी ती आत शिरून हालचाल करीत असल्यास खाद्य तयार झाले असे समजावे. कोंबड्यांची ताजी विष्ठा, मोसंबीच्या साली व नुकतीच औषध फवारलेली पाने ह्या वाफ्यात घालू नयेत.

गांडुळे किती सोडावीत

वरील 200 किलो खाद्य 10 बाय 3 फुटांच्या वाफ्यात पसरल्यास सुमारे 6 इंचांचा थर होतो. त्यावर सायंकाळी आयसेनिया फेटिडा किंवा युड्रिलस युजेनी जातीची 3 किलो, म्हणजे अंदाजे 3,000 पूर्ण वाढलेली गांडुळे सोडावीत. शेतातील मातीत खोल राहणारी गांडुळे ह्या कामी उपयोगी पडत नाहीत.

येथे एक हिशेब ध्यानी घ्यावा. अनुकूल स्थितीत गांडुळे दररोज स्वतःच्या वजनाच्या सुमारे निम्मे खातात. 3 किलो गांडुळे दिवसाला दीड किलो खातील. पहिल्याच दिवशी वाफा काठोकाठ भरून 600 किलो खाद्य घातल्यास ते संपण्यास ह्या हिशेबाने 400 दिवस लागतील. संख्या वाढते म्हणून प्रत्यक्षात काळ कमी लागतो. परंतु तोवर न खाल्लेले खाद्य तापते व आंबते. म्हणून आरंभी 6 इंचच थर द्यावा. वरचा भाग काळपट व दाणेदार दिसू लागला, की 2 इंचांचा नवीन थर घालावा. पहिला महिना बहुधा नवीन थराची गरज पडत नाही.

ओल

मूठभर खाद्य घट्ट दाबावे. बोटांच्या फटींतून पाण्याचे एक-दोन थेंब दिसल्यास ओल योग्य आहे. धार लागल्यास पाणी जास्त झाले व मूठ उघडताच गोळा फुटल्यास पाणी कमी पडले असे समजावे. पाणी साचल्यास आंबट किंवा कुजका वास येतो व गांडुळे भिंतींवर चढतात. अशा वेळी पाणी थांबवून थर हलक्या हाताने मोकळा करावा व त्यात कोरडी कुट्टी मिसळावी. वाफ्यात मुंग्या फिरू लागणे ही वाफा कोरडा पडल्याची खूण होय.

वाफा सदैव ओल्या गोणपाटाने झाकावा. उन्हाळ्यात एकदाच पुष्कळ पाणी न ओतता सकाळ-सायंकाळ झारीने थोडे थोडे शिंपडावे. गोणपाटातील पाण्याची वाफ होताना वाफा थंड राहतो.

काढणीची वेळ

खत चहाच्या भुकटीसारखे दिसू लागले, शेणाचा वास गेला व मूळ कुट्टी ओळखू येईनाशी झाली, म्हणजे काढणी करावी. पहिल्या खेपेस सुमारे तीन महिने लागतात. घाई केल्यास अर्धे कच्चे खत हाती येते. विलंब केल्यास खाण्यास काही न उरल्याने गांडुळे बारीक होतात व वाफा सोडू लागतात.

हिवाळ्यात काढणीपूर्वी चार-पाच दिवस पाणी बंद करावे. वरचा थर सुकताच गांडुळे तळाकडे जातात. मग वरचे खत हाताने काढून सावलीत चाळावे. चाळणीवर राहिलेली भरड व तळाचा 2 इंचांचा थर नवीन खाद्यात मिसळावा. त्यात लिंबाच्या आकाराची लहान पिवळसर अंडकोषे असतात, ती पुढील पिढीचे बी होय.

मे महिन्यात मात्र पाणी बंद करण्याची ही रीत वापरू नये, कारण सुकलेला वाफा तापून गांडुळे तळाशीही वाचत नाहीत. त्या वेळी तयार खत वाफ्याच्या एका अर्ध्या भागात ओढून घ्यावे. रिकाम्या अर्ध्यात थंड झालेले नवीन खाद्य दोन्ही भाग एकमेकांस चिकटून राहतील असे भरावे. नवीन भागाची ओल पूर्ण ठेवावी. जुन्या भागावर गोणपाट कायम ठेवून केवळ तो सुकणार नाही इतकेच पाणी शिंपडावे. खाद्य व ओल ह्यांच्या ओढीने गांडुळे दोन-तीन आठवड्यांत नवीन भागात जातात. जुन्या भागात मूठभर खत उकरून पाहिले असता क्वचितच एखादे गांडूळ आढळले, की ते खत काढावे. मेच्या आरंभी हे काम हाती घेतल्यास खरिपाच्या पेरणीपूर्वी खत मिळते व पुढील हंगामासाठी गांडुळेही जिवंत राहतात.