फाटक्या पोस्टरवरचा फड ओळखायचा असेल तर

पोरा, तमाशाचं फाटकं पोस्टर हाती आलं की तुझे डोळे सगळ्यात आधी मोठ्या अक्षरांकडे जातात. ते थांबव आणि आधी खालची पट्टी बघ. फडाची पोस्टरं पुष्कळदा एकदाच, गठ्ठ्यानं छापून ठेवलेली असत. वर फडाचं नाव, मालकाचा फोटो, दोन-चार नर्तकींचे चेहरे, आणि खाली रिकामी जागा. ज्या गावची सुपारी मिळाली त्या गावचं नाव, वार, तारीख, जत्रेचं निमित्त त्या रिकाम्या जागेत नंतर छापत किंवा हातानं लिहीत. म्हणजे पोस्टरचा वरचा भाग फडाचा आणि खालचा भाग त्या रात्रीचा. वरचा फोटो दहा वर्षांपूर्वीचाही असू शकतो, पण खालची पट्टी त्या एका जत्रेपुरती असते. नाव फाटून गेलेलं असलं तरी त्या पट्टीवरून बरंच काही हाती लागतं.

आपल्या हरसूलच्या आसपास ही पट्टी वाचायला एक फार सोयीची खूण आहे. मोखाडा, जव्हार आपल्याला लागूनच. तिथल्या गावापुढं ‘जि. ठाणे’ छापलेलं असेल तर पोस्टर १ ऑगस्ट २०१४ च्या आधीचं धर, कारण त्या दिवशी पालघर जिल्हा वेगळा झाला. वरच्या अंगाला नवापूर-शहाद्याकडच्या गावाला ‘जि. धुळे’ असेल तर ते १ जुलै १९९८ पूर्वीचं, कारण तेव्हा नंदुरबार वेगळा झाला. एवढी काळजी घे की छापखाना जुन्या सवयीनं जुनाच जिल्हा छापू शकतो. त्यामुळं ‘जि. पालघर’ असेल तर पोस्टर नंतरचं हे पक्कं, आणि ‘जि. ठाणे’ असेल तर आधीचं हे बहुधा. या दोन्हींचं वजन सारखं धरू नकोस. मोबाईल नंबरही असंच सांगतो. भारतात मोबाईल ३१ जुलै १९९५ ला सुरू झाला, आणि खेड्यापाड्यांतल्या पोस्टरांवर दहा आकडी नंबर यायला त्यानंतर बरीच वर्षं गेली.

आणि नुसतं ‘हरसूल’ वाचून हुरळून जाऊ नकोस. छत्रपती संभाजीनगरला लागून, जेल आणि तलाव असलेलं, दुसरं हरसूल आहे. तालुका-जिल्हा वाचल्याशिवाय पोस्टर आपल्या गावचं मानायचं नाही.

आता नावाकडे ये. तमाशातलं नाव कसं बांधलेलं असतं ते एकदा समजलं की अर्धं अक्षरही पुरतं. आधी फडमालक, मग ‘सह’, मग दुसरं मोठं नाव, आणि शेवटी ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’. रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर, मंगला बनसोडे सह नितीनकुमार बनसोडे, ही नावं याच साच्यातली. म्हणून कुठं नुसतं ‘सह’ वाचता आलं तरी तिथं दोन नावं होती हे कळतं, आणि फाटलेल्या भागात माणूस शोधायचा की गाव, तेही कळतं.

शेवटी ‘कर’ असलं की लोक लगेच त्या गावी चौकशीला जातात आणि तिथंच वाट चुकते. फडातला ‘कर’ हा जन्मगावाचा दाखला नव्हे. विठाबाई नारायणगावकर पंढरपूरला जन्मल्या. कांताबाई सातारकरांचा जन्म गुजरातेत डभोईला झाला. शिवाय एकाच गावाचा ‘कर’ लावणारी, एकमेकांशी काही नातं नसलेली माणसं असतात. लावणी गाणाऱ्या रोशन सातारकर वेगळ्या आणि फड चालवणाऱ्या कांताबाई सातारकर वेगळ्या. पोस्टरवर नुसतं ‘…बाई सातारकर’ उरलं असेल तर आपल्याला आठवतं ते नाव तिथं बसवू नकोस. आसपास ‘वग’, ‘सोंगाड्या’, ‘भव्य तंबू’ असले शब्द आहेत का बघ. ते असतील तर ढोलकी फडाचा विचार कर. नुसत्या लावण्यांचा उल्लेख असेल तर संगीत बारीची किंवा गायिकेच्या कार्यक्रमाची शक्यता मोठी.

काही वेळा छापलेलं नाव माणसाचं नसतंच. काळू-बाळू कवलापूरकर या फडाचे काळू-बाळू म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या कवलापूरचे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. ‘जहरी प्याला’ या वगात त्यांनी रंगवलेल्या हवालदारांची नावं त्यांना कायमची चिकटली. गावच्या जन्मनोंदीत ‘काळू’ शोधत बसलास तर काही हाती लागणार नाही. त्याच्या उलट, फडाचं नाव माणसाच्या मागंही उरतं. भाऊ-बापू मांग नारायणगावकर ही फडाची ओळख होती, भाऊंच्या मुलीनं, विठाबाईंनी, ती पुढं नेली, आणि विठाबाईंची मुलगी मंगला बनसोडे यांनी स्वतःच्या नावानं फड काढला. तेव्हा पोस्टरवरचं नाव आणि फोटोतला चेहरा एकाच माणसाचा आहे, असं गृहीत धरू नकोस.

आता एक पोस्टर धरून सांगतो. समज, घराच्या जुन्या दाराला आतून चिकटवलेला कागद निघाला. वर नुसतं ‘…डकर’ उरलंय, त्याखाली ‘कांताबाई’, आणि तळाला ‘हनुमान जयंतीनिमित्त, रविवार दि. १९ एप्रिल’, पुढं ‘जि. ठाणे’. वर्ष छापलेलं नाही. जत्रेच्या पोस्टरवर ते फारसं नसतंच, कारण वाचणाऱ्याला त्याची गरज नव्हती.

कांताबाई आणि ‘डकर’ म्हटलं की ‘खेडकर’ मनात येतं, पण खेडकर दोन. एक तुकाराम खेडकर, ज्यांच्या फडात कांताबाई गाजल्या आणि जे साठच्या दशकातच गेले. दुसरे त्यांचा मुलगा रघुवीर. नावावरून निवाडा होत नाही, तो वार आणि तिथी करतात. १९ एप्रिलला रविवार आलेली वर्षं काढ: १९५९, १९६४, १९७०, १९८१, १९८७, १९९२, १९९८, २००९. एवढी आठ समोर आली की माणूस घाबरतो. पण हनुमान जयंती म्हणजे चैत्र पौर्णिमा, आणि ती इंग्रजी तारखेशी साधारण एकोणीस वर्षांनीच पुन्हा जुळते. जुनी पंचांगं उघड. १९५९ आणि १९६४ ची चैत्र पौर्णिमा एप्रिलच्या शेवटाकडे, १९८७ ची मध्यावर, १९९८ आणि २००९ ची त्याहूनही आधी. १९७० मध्ये ती दोन दिवसांनी चुकते, १९९२ मध्येही तेवढीच. रविवार, १९ एप्रिल आणि चैत्र पौर्णिमा हे तिन्ही एकत्र येतात ते १९८१ मध्ये. तोवर तुकाराम खेडकर जाऊन बरीच वर्षं झाली होती, म्हणजे पोस्टरवरचे खेडकर रघुवीर. ‘जि. ठाणे’ही त्याला धरूनच आहे.

यात एक खाच आहे. ‘निमित्त’ म्हटलं की कार्यक्रम त्याच तिथीला असेल असं नाही. पुष्कळ गावांत जत्रा तिथीच्या दुसऱ्या दिवशी भरते. पौर्णिमा एक दिवस मागंपुढं धरून बघ. या पोस्टरात तसं धरलं तरी दुसरं वर्ष बसत नाही, म्हणून निवाडा टिकतो. दोन दिवसांची सूट दिलीस तर १९७० आणि १९९२ ही दोन्ही आत येतात, आणि मग छापखान्याची ओळ, नंबर, कागद असा आणखी एखादा पुरावा लागेल. किती सूट दिली ते लिहून ठेव, म्हणजे पुढच्याला तुझा हिशेब तपासता येईल.

फोटो असेल तर रीत वेगळी. आधी तो उलटा तर छापला नाही ना ते बघ. निगेटिव्ह पालथी पडली की सगळं आरशातल्यासारखं होतं: नर्तकीचा पदर डाव्याऐवजी उजव्या खांद्यावर दिसतो, मागच्या कापडावरची अक्षरं वाचता येत नाहीत. ढोलकीवाला डावखुरा होता अशी गोष्ट रचण्याआधी पदर बघ. मग वाद्यं. ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज एकत्र आणि समोर उभी माणसं असली तर ढोलकी फड. पेटी-तबल्याबरोबर बसून गाणाऱ्या बायका असल्या तर संगीत बारी. फोटोतलं वाद्य कलेचा प्रकार सांगतं, माणसाचं नाव नाही. तारपेवाल्याचा फोटो दिसला म्हणून त्याला जव्हारजवळच्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांचं नाव लावू नकोस. आपल्या भागात तारपा वाजवणारे कितीतरी होऊन गेले, आणि त्यांच्यातल्या एकाचं नाव पुसून दुसऱ्याचं घालणं अन्यायाचं आहे.

आणि कागद नसून नुसती आठवण असेल तर? म्हातारं माणूस म्हणेल, ‘कुणी कांताबाई की शांताबाई होती रे.’ तिथं ‘सातारकर का?’ असं विचारलंस की ते हो म्हणणार, आणि ते हो काही कामाचं नाही. वगात काय होतं ते विचार. राजा होता की पोलीस, सोंगाड्या एकटा की जोडी, बाई गायली की वगातही होती, तंबू होता की उघड्या पटांगणात खेळ झाला. दोघा म्हाताऱ्यांना एकत्र बसवू नकोस, वेगवेगळं विचार. एकत्र बसले की पहिल्यानं जे नाव घेतलं तेच दुसऱ्यालाही आठवू लागतं. जोडीनं विनोद करणारे हवालदार दोघांनी वेगवेगळे सांगितले, तर काळू-बाळूंचा विचार करायला आधार आहे. एकानंच सांगितलं असेल तर ‘बहुधा’ लिही.

पेन्सिलीनं तीन गोष्टी टिपत जा: काय दिसतं, त्यावरून काय ठरवलं, आणि कुणी सांगितलं. पोस्टरवर थेट काही लिहू नकोस, चिकटपट्टीही लावू नकोस, तिचा डिंक काही वर्षांत कागद पिवळा करून खातो. वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेव.

गुढीपाडव्याच्या आधी पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच सुपारी द्यायला तिथं येतात. तिथं जा, पोस्टरची नक्कल घेऊन जा, मूळ कागद घरी ठेव. फडात चाळीस-पन्नास वर्षं काढलेली माणसं तिथं भेटतात, आणि कागदावर न सापडणारं ती चेहरा बघून सांगतात. कांताबाई २५ मे २०२१ ला गेल्या, त्यांना आता विचारता येत नाही. म्हणून यंदाचा पाडवा चुकवू नकोस.