हिमोग्लोबिन नॉर्मल आलं, तरी फेरिटिन बघून घे

अगं, कंगव्यात रोज केसांचा पुंजका येतोय, पुरेशी झोप होऊनही सकाळी अंग उचलत नाही आणि रिपोर्ट म्हणतो हिमोग्लोबिन १२.४, म्हणजे ठीक. मग घरातले सांगतात, टेन्शन घेऊ नकोस, तेल बदलून बघ. तेल नंतर बघू. आधी मला सांग, तुझी पाळी कशी असते?

"नेहमीसारखीच," असं म्हणशील. आपल्याकडे आई, मावशी, आत्या सगळ्यांचीच पाळी तशी असते, म्हणून जास्त रक्तस्रावही नेहमीचाच वाटतो. म्हणून नेमकं विचारते. भरलेला पॅड तास-दोन तासांत बदलावा लागतो का? रात्री त्यासाठी उठावं लागतं का? रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी जातात का? सात दिवसांपेक्षा जास्त चालतं का? डाग पडेल म्हणून त्या दिवसांत बाहेर जायचं टाळतेस का? यातल्या एकाचंही उत्तर हो असेल, तर पाळी जास्त जातेय असं धरून चाल आणि डॉक्टरांना याच शब्दांत सांग.

आता हे केसांपर्यंत कसं पोचतं ते बघ. एक मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. पाळीत १०० मिलिलिटर रक्त गेलं, तर ५० मिलिग्रॅम लोह गेलं. शिवाय त्वचा आणि आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर रोज एखादा मिलिग्रॅम जातो, तो महिन्याचा ३० धर. म्हणजे महिन्याला ८० मिलिग्रॅमचा खर्च, रोजचा अडीच मिलिग्रॅमपेक्षा जास्त. वरण-भात-भाजी-पोळीच्या जेवणातून शरीर रोज बहुधा एक ते दीड मिलिग्रॅमच शोषून घेतं. उरलेलं साठ्यातून काढलं जातं.

हिमोग्लोबिन म्हणजे स्वयंपाकघरातला पिठाचा डबा आणि फेरिटिन म्हणजे कणगीतलं धान्य. कणगीत तळ दिसू लागला तरी डबा भरलेला असू शकतो, कारण शरीर उरलंसुरलं लोह आधी रक्त तयार करायला देतं. म्हणून हिमोग्लोबिन सगळ्यात शेवटी घसरतं. पण लोह फक्त रक्तालाच लागत नाही. स्नायूंना, पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेला आणि केसांच्या मुळाशी भराभर वाढणाऱ्या पेशींनाही लागतं. ॲनिमिया झालेला नसतानाही दमायला होतं, जिना चढताना धाप लागते आणि लक्ष लागत नाही, ते यामुळेच.

थकव्याबद्दल पुरावा चांगला आहे. फ्रान्समधल्या २०१२च्या एका अभ्यासात ॲनिमिया नसलेल्या पण फेरिटिन ५०पेक्षा कमी असलेल्या, पाळी चालू असलेल्या बायकांना १२ आठवडे लोह दिलं. त्यांचा थकवा जवळजवळ निम्म्यावर आला, तर लोह नसलेली गोळी घेणाऱ्यांचा सुमारे २९ टक्क्यांनी कमी झाला. केसांचं चित्र मात्र इतकं स्वच्छ नाही. साठा कमी असणं आणि सगळ्या डोक्यावरचे केस एकसारखे गळणं यांचा संबंध दिसतो, पण अभ्यासांचे निष्कर्ष सारखे नाहीत. भांगाची रेषा रुंद होत चालली असेल, किंवा दोन-तीन महिन्यांपूर्वी डेंग्यू, मोठा ताप किंवा बाळंतपण झालं असेल, तर कारण वेगळं असू शकतं. थायरॉइडही तपासावं लागतं.

माझ्या एका मावसबहिणीची गोष्ट सांगते. वय ३१, हिमोग्लोबिन १२.४, पाळी सात दिवस, पहिले तीन दिवस जड. तिचं फेरिटिन निघालं ९. रक्तातल्या फेरिटिनच्या एका एककामागे शरीरात साधारण आठ मिलिग्रॅम लोह साठलेलं असतं. म्हणजे तिच्याकडे उरलं होतं सत्तरच्या आसपास, जेमतेम एका महिन्याच्या खर्चाइतकं. जागतिक आरोग्य संघटना निरोगी स्त्रीमध्ये १५पेक्षा कमी फेरिटिन म्हणजे लोहाची कमतरता मानते, आणि बरेच डॉक्टर ३०च्या खालीच सावध होतात. लॅबच्या छापील मर्यादा मात्र कधीकधी १०-१२पासून सुरू होतात. म्हणून रिपोर्टवर "नॉर्मल" छापलंय का ते बघू नकोस, आकडा वाच.

तपासणीत दोन ठिकाणी फसायला होतं. अंगात सूज किंवा संसर्ग असला की फेरिटिन वर चढतं आणि कमतरता झाकली जाते. तापातून उठल्या उठल्या तपासू नकोस, किंवा डॉक्टरांना सोबत सीआरपी करायला सांग. दुसरं म्हणजे, केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्या. काही पद्धतींच्या तपासण्यांत त्या आकडे बिघडवतात, फेरिटिनचे आणि थायरॉइडचेही. किती दिवस आधी बंद करायच्या ते डॉक्टरांना किंवा लॅबला विचार.

फेरिटिन न बघता लोहाच्या गोळ्या सुरू करू नकोस. थॅलेसेमिया मायनर असलेल्यांत लाल पेशी लहान दिसतात, पण लोह पुरेसं असू शकतं, आणि गरज नसताना घेतलेलं लोह अंगात साचत जातं.

कमतरता ठरली की गोळी लागतेच. अळीव, नाचणी, पालेभाज्या खा, त्यावर लिंबू पिळ, पण तळाला गेलेला साठा एवढ्याने भरत नाही. मावसबहिणीला डॉक्टरांनी फेरस ॲस्कॉर्बेटची गोळी एक दिवसाआड दिली. रोज घेतली तर शरीर दुसऱ्या दिवशी लोहाचं शोषण आवरतं घेतं. एक दिवस मध्ये सोडला की प्रत्येक गोळीतलं जास्त आत जातं आणि पोटालाही सोपं पडतं. चहा, कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांपासून दोन तास लांब ठेव. शौचाला काळं होतं, त्याने घाबरू नकोस.

तिला महिन्याभरात दम लागणं कमी झालं. केसांना वेळ लागला. गळणारा केस दोन-तीन महिने आधीच वाढ थांबवून बसलेला असतो, त्यामुळे तीन महिन्यांनी गळती कमी झाली आणि नवे बारीक केस त्यानंतर दिसले. तीन महिन्यांनी फेरिटिन ३८ आलं, तरी डॉक्टरांनी गोळी लगेच थांबवली नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रक्त का जातंय ते शोधायलाच हवं, नाहीतर साठा पुन्हा रिकामा होईल. सोनोग्राफीत फायब्रॉइड दिसू शकतो, थायरॉइड किंवा रक्त गोठण्याची अडचण निघू शकते. दात काढल्यावर खूप वेळ रक्त थांबलं नसेल, तर तेही सांग. कॉपर टी बसवली असेल तर तिनेही पाळी वाढते; हार्मोन असलेली मिरेना प्रकारची मात्र कमी करते. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या फक्त जड दिवसांत घेतात, पण रक्ताची गुठळी कधी झाली असेल तर त्या चालत नाहीत. दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधांनंतर रक्त जात असेल, किंवा चाळिशीनंतर पाळी अचानक वाढली असेल, तर फेरिटिनच्या आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. आणि पॅड तासाभरात भरत राहिला, चक्कर आली, तर वाट न बघता दवाखाना गाठ.