आजीचे वय : खानेसुमारी, बाप्तिस्म्याची वही आणि कोतवालाचे बुक

गंजाडकडील पाड्यांतून पाळकांकडे जी विनंतीपत्रे येतात त्यांत एक मागणी वारंवार असते : “आमच्या आजीचे खरे वय काढून द्यावे. इंग्रजांच्या खानेसुमारीत तिचे नाव असेलच.” ह्या मागणीतील दुसरे वाक्य आधी बाजूला सारले पाहिजे, कारण त्याच्या मागे लागून पुष्कळ लोक ठाण्या-मुंबईच्या फेऱ्या व्यर्थ घालतात.

आपल्या देशात खानेसुमारी १८७२ साली प्रथम झाली व १८८१ पासून दर दहा वर्षांनी होत गेली. गणना करणारा घरोघर जाऊन नाव, वय, जात, धर्म लिहून घेत असे, हे खरे. परंतु ते कागद आकडे मांडण्यापुरतेच होते. बेरजा झाल्या, कोष्टके छापली गेली आणि मूळ कागद नष्ट करण्यात आले. आज जे ग्रंथ मिळतात त्यांत ठाणे जिल्ह्याचे, डहाणू तालुक्याचे आकडे आहेत. माणसांची नावे नाहीत. विलायतेत मात्र घरवार कागद राखून ठेवतात व शंभर वर्षांनी खुले करतात. तेथील १९२१ चे कागद २०२२ साली खुले झाले. तिकडील गोष्टी ऐकून आपल्याकडेही तसेच असेल असा ग्रह होतो. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कायद्याप्रमाणे तर खानेसुमारीचे कागद कोणास पाहावयास मिळत नाहीत व ते पुराव्यासही चालत नाहीत.

मग त्या छापील ग्रंथांचा उपयोग काय? एक आहे. वयाची कोष्टके तयार करणाऱ्या अधिकाऱ्यांना पूर्वीपासून दिसून आले होते की, लोक वय सांगताना वीस, पंचवीस, तीस, चाळीस असे गोल आकडे सांगतात. हीच कसोटी बाप्तिस्म्याच्या वहीस लावावी. वहीच्या काही पानांवरील मोठ्या माणसांची वये मोजावीत. ती खरोखर विचारून लिहिली असतील तर शून्य किंवा पाच ह्या अंकाने संपणारी वये साधारण दहांत दोन निघतील. दहांत पाच-सहा निघाली, तर लिहिणाऱ्याने चेहऱ्याकडे पाहून अंदाज केला असे समजावे व त्या पानावरील “वय ३०” ह्यास फार वजन देऊ नये. लहान मुलांची वये बहुधा अधिक विश्वसनीय असतात. कारण आई समोर उभी असते.

वही हाती आली की प्रथम ती कोणत्या मंडळीची हे पाहावे. डहाणू हे ब्रेदरन मिशनचे ठाणे. हे मिशन १८९४ साली भारतात आले व त्याची मंडळी १९७० साली उत्तर भारत मंडळीत सामील झाली. ब्रेदरन लोक बालकांस बाप्तिस्मा देत नसत. विश्वास कबूल करणाऱ्यासच देत. म्हणून त्यांच्या वहीतील तारीख जन्माच्या जवळची समजणे म्हणजे दहा-बारा वर्षांची चूक करणे होय. इतर मिशनांच्या वह्यांत बालकांच्या बाप्तिस्म्याजवळ जन्मतारीखही लिहिलेली आढळते. तरी ती आईबापांनी सांगितलेली असते. पाळकाने डोळ्यांनी पाहिला तो बाप्तिस्मा, जन्म नव्हे.

आता एक कल्पित उदाहरण घेऊन हिशेब मांडू. समजा, गंजाडच्या एका आजीचे माहेरचे नाव बुधी. वहीत नोंद अशी : “१३ एप्रिल १९४१, वय १२.” विवाहाच्या वहीत : “२० मे १९४६, वय १७.” शाळेच्या रजिस्टरात जन्मतारीख १ जून १९२९.

येथे आपल्या भाषेतील एक खोच आहे. “वय १२” म्हणजे बारा पूर्ण, की बारावे लागलेले? बारा पूर्ण असल्यास जन्म १४ एप्रिल १९२८ ते १३ एप्रिल १९२९ ह्या दरम्यान. बारावे चालू असल्यास त्याच्या पुढील वर्षात. विवाहाच्या नोंदीचेही तसेच. दोन्ही वये पूर्ण धरली तर दोन्ही नोंदींस मान्य असा काळ २१ मे १९२८ ते १३ एप्रिल १९२९ निघतो. दोन्ही चालू धरली तर २१ मे १९२९ ते १३ एप्रिल १९३०. ह्यांतून निवड करण्यास लिहिणाऱ्याची सवय शोधावी. त्याच हस्ताक्षरात एखाद्या मुलाची जन्मतारीख व वय दोन्ही लिहिलेली सापडली की उलगडा होतो. आपल्या उदाहरणात असे समजू की दोन्ही वह्यांत चालू वर्ष लिहिण्याची रीत दिसली.

तेव्हा शाळेची १ जून ही तारीख बरोबर बसते असे वाटेल. परंतु शाळेत दाखल करताना तारीख ठाऊक नसली की १ जून घालण्याची गुरुजींची जुनी रीत आहे. तिच्यावरून फार तर वर्षाचा अंदाज घ्यावा. शिवाय वारली घरांत पुष्कळदा वारावरून नाव ठेवतात : सोम्या, मंगळ्या, बुध्या, बुधी. १ जून १९२९ रोजी शनिवार होता. वाराचे नाव हा निर्णायक पुरावा नव्हे, कारण आजी-आजोबांचे नावही मुलास देतात. तरी शंका घेण्यास तो पुरे.

ह्यानंतर तहसील कचेरीत गाव नमुना १४, म्हणजे लोक ज्यास कोतवालाचे बुक म्हणतात ते जन्ममृत्यूचे रजिस्टर, मागावे. जुनी पाने मोडीत असतात. वाचणारा बरोबर न्यावा. त्यात “बिन” म्हणजे अमुकाचा मुलगा व “कोम” म्हणजे अमुकाची बायको, एवढे आधी जाणून असावे. ह्या बुकात बालकाचे नाव बहुधा नसते. बापाचे नाव, जात, आणि मुलगा की मुलगी इतकेच. म्हणून “बुधी” शोधणाऱ्यास काही सापडत नाही व तो निराश होऊन परततो. शोधावयाचे ते बापाचे नाव, आणि तेही धर्मांतरापूर्वीचे.

समजा, तेथे बुधीच्या बापाच्या नावाने दोन नोंदी निघाल्या : ११ सप्टेंबर १९२९, मुलगी, ३ नोव्हेंबर १९३०, मुलगा. दुसरी नोंद धाकट्या भावाची असेल तर बुधीचा जन्म फेब्रुवारी १९३० नंतरचा असणे कठीण. पहिली नोंद आपल्या काळात बसते, आणि ११ सप्टेंबर १९२९ रोजी बुधवार होता. एवढ्यावर लेखणी खाली ठेवू नये. गावात त्याच नावाचा दुसरा पुरुष होता काय? त्याच बुकाच्या मृत्यूच्या भागात पुढील दोन-तीन वर्षांत ह्या बापाची मुलगी वारल्याची नोंद आहे काय? असल्यास ही मुलगी गेली व बुधी निराळी ठरेल. तारीख जन्माची की कोतवालास खबर दिल्याची, हेही रकान्याच्या मथळ्यावरून पाहावे.

हे सर्व निभावले तरी पाळकाने दाखल्यात “जन्म ११ सप्टेंबर १९२९” असे लिहू नये. वहीत जेवढे आहे तेवढेच, पान व अनुक्रमांकासह उतरवून द्यावे : बाप्तिस्म्याची तारीख, लिहिलेले वय, आईबापांची नावे जशी आहेत तशी. आजचे आडनाव वहीत नसेल तर ते घालू नये. कोतवालाच्या बुकाची नक्कल तहसील कचेरी देईल, आणि उशिराची जन्मनोंद करून घ्यावयाची असल्यास हे दोन्ही कागद अर्जास जोडून अधिकाऱ्यापुढे ठेवावेत.