विम्याच्या फॉर्मवर मिश्री लपवू नका

विम्याच्या फॉर्मवर एक प्रश्न असतो : कोणत्याही स्वरूपात तंबाखू घेता का? बिडी-सिगारेट ओढत नाही म्हणून अनेक जण ‘नाही’ लिहितात. पण मिश्री, गुटखा, चुना-तंबाखू हीसुद्धा तंबाखूच. फॉर्म एजंटने भरला तरी सही आपली असते.

समजा, डोंबिवलीच्या एका रिक्षावाल्या दादांनी 25 लाखांचा टर्म विमा घेतला. खरे सांगितले असते तर वर्षाचा हप्ता 10,000 ऐवजी 15,000 रुपये झाला असता. त्यांनी ‘नाही’ लिहिले. दुसऱ्याच वर्षी ते तोंडाच्या कर्करोगाने गेले. रुग्णालयाच्या केसपेपरवर ‘दहा वर्षे तंबाखू खातात’ अशी नोंद होती. दावा तपासताना कंपनी हेच कागद मागवते. वर्षाला 5,000 वाचले, पण घरच्यांचे 25 लाख अडकले.

विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे आयुर्विमा सुरू होऊन 3 वर्षे झाली की कंपनीला पॉलिसीवर हरकत घेता येत नाही; त्याआधी घेता येते. बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली तर ही 3 वर्षे नव्याने मोजतात. आरोग्य विम्यात मुदत 5 वर्षांची आहे, आणि फसवणूक सिद्ध झाली तर त्यानंतरही दावा नाकारता येतो.

आधीच ‘नाही’ लिहिले असेल, तर कंपनीच्या शाखेत लेखी कळवा आणि अर्जाची पोच घ्या. हप्ता वाढेल, पण ती पोच घरच्यांच्या कामी येईल.