सूट आणि सुट्टी

अमरावती शहरातील सक्करसाथ हा भाग किराण्याच्या व्यापारासाठी फार दिवसांपासून ओळखला जातो. तेथील एका लहानशा दुकानात दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक वृद्ध गृहस्थ न चुकता येत. हिशेबखात्यातील नोकरीतून निवृत्त होऊन ते अकोल्याहून मुलाकडे राहावयास आले होते. निवृत्तिवेतन ठरलेले आणि औषधांचा खर्च मात्र वाढता; म्हणून घरखर्चातील प्रत्येक रुपयावर ते डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवीत. हा गुण चांगलाच होता, परंतु त्याला एक खोड जडली होती. दुकानातील कोणतीही वस्तू हाती घेतली, की तिचा भाव विचारण्याआधीच ते विचारीत, “यावर सूट किती?”

डाळीवर सूट, साखरेवर सूट, जिऱ्यावर सूट! एकदा तर त्यांनी आगपेटीवरही सूट मागितली. दुकानदार हात जोडून म्हणाला, “काका, पैशांत सूट बसत नाही, आपण म्हणाल तर दुसऱ्या पेटीतली एक काडी काढून देतो.”

“अकोल्यास तूरडाळ याहून स्वस्त मिळते,” असेही ते वारंवार सांगत. त्यावर दुकानदाराचे उत्तर ठरलेले असे : “काहून नाही मिळणार, काका? डाळीच्या गिरण्या तिथंच आहेत. इथं येताना डाळ एकटी येत नाही. मोटारीचं भाडं अन् हमाली संगं घेऊन येते.”

एका महिन्यात काकांची प्रकृती ठीक नव्हती. त्यांनी नातवाच्या हाती सामानाची यादी पाठविली. यादीच्या तळाशी ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘प्रत्येक वस्तूवर दहा टक्के सूट द्यावी. न दिल्यास पुढील महिन्यापासून दुसरे दुकान पाहावे लागेल.’

दुकानदाराने ती ओळ दोनदा वाचली. महिन्याचे ठरलेले गिऱ्हाईक तुटणे लहान दुकानास परवडत नाही; आणि मागितलेली सूट देणे तर त्याहूनही परवडत नाही. त्याने सामान बांधून दिले, पैसे मागितले नाहीत आणि नातवास सांगितले, “आजोबांना म्हणावं, उत्तर उद्या पाठवतो.” रात्री दुकान बंद केल्यावर त्याने तीच यादी पालथी केली आणि तिच्या पाठीवर हे पत्र लिहिले :

“ती. काकांच्या सेवेशी सा. न. वि. वि.

आपली यादी पावली. प्रत्येक वस्तूवर दहा टक्के सूट देण्याची आपली आज्ञा मी तराजूत घालून पाहिली. पारडे कोणीकडे झुकले, ते आपणच पाहावे.

आपण मागविलेली तूरडाळ पाच किलो, तिचे माझ्या भावाने होतात ६०० रुपये. साखरेचे २२०, तेलाचे ३६०, चहाच्या पुड्याचे २५० आणि जिरे, मोहरी, हळद मिळून १७०. एकूण बेरीज १,६०० रुपये. दुकानदार आपली खरेदी सहसा सांगत नाही. परंतु आपण हिशेबखात्यातले, आपणांपासून काय लपवावे? हेच सामान मला अनुक्रमे ५६४, २१३, ३४६, २२६ आणि १३१ रुपयांना पडले. त्याची बेरीज होते १,४८०. म्हणजे या साऱ्या सामानात माझ्या वाट्याला येतात १२० रुपये. त्यातून दुकानाचे भाडे, विजेचे बिल, नोकराचा पगार आणि पिशव्या यांचे सुमारे ७० रुपये वजा केले, की घरी न्यावयास ५० रुपये उरतात.

आता आपली सूट. १,६०० रुपयांवर दहा टक्के म्हणजे १६० रुपये. माझ्याजवळ आहेत १२०. उरलेले ४० रुपये मी पदरचे घालावे आणि भाड्याचे, विजेचे ७० रुपये वेगळे भरावे. म्हणजे आपणांस एकदा सामान दिले, की मला ११० रुपयांचा खड्डा पडणार. अशी सूट सर्वांस दिली, तर काका, दुकानाला कायमची सुट्टी द्यावी लागेल. आणि मग आपण मला सुटे पैसे जरी मागितले, तरी ते माझ्यापाशी नसतील!

आपण म्हणाल, सर्व वस्तूंवर सारखा नफा का नाही? साखर आज आली आणि उद्या संपली. तिचा भाव साऱ्या गावास पाठ असतो, म्हणून तिच्यात नफा अगदी थोडा. जिऱ्याची गोष्ट वेगळी. ते फळीवर बसून राहते, त्याचा वास उडतो आणि काही भाग चाळणीखाली जातो. म्हणून त्यावर नफा जास्त ठेवावा लागतो. साखरेने जिऱ्याएवढी सूट द्यावी असे म्हणणे, म्हणजे वासराने बैलाएवढे ओझे ओढावे असे म्हणण्यासारखे आहे.

तरीही आपणांस दहा टक्के सूट हवीच असेल, तर मी ती आनंदाने देतो. फक्त त्याआधी मला भाव वाढविण्याची परवानगी असावी. १,६०० रुपयांच्या सामानाची किंमत मी १,७७८ लिहितो. तिच्यावर दहा टक्के सूट दिली, की १७७ रुपये ८० पैसे वजा होऊन राहतात १,६०० रुपये २० पैसे. आपणांस सूट मिळाली, मला माझा भाव मिळाला, आणि वर २० पैसे आपण मला बक्षीस दिले!

आपण विचाराल, दहा टक्के सूट द्यावयाची तर दहा टक्केच भाव का वाढविला नाही? मी तेही करून पाहिले. १,६०० मध्ये १६० मिळविले, झाले १,७६०. त्यावर दहा टक्के म्हणजे १७६ वजा केले, उरले १,५८४. सोळा रुपये माझे गेले! चढताना दहा टक्के लहान रकमेवर मोजले जातात आणि उतरताना मोठ्या रकमेवर. म्हणून चढलेला माणूस उतरताना जरा खालीच पोचतो.

मात्र या युक्तीला चहाच्या पुड्यापाशी अडचण येते. वैधमापनशास्त्र अधिनियम, २००९ या कायद्याखालील नियमांप्रमाणे बंद पुड्यावर सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. तीपेक्षा कमी घेण्यास मला मोकळीक आहे, परंतु एक पैसाही अधिक घेता येत नाही. म्हणजे पुड्यावरची सूट भरून काढावयाची, तर ती सुट्या मालातूनच काढावी लागणार. सुट्या मालाला दोन वाटा असतात. एक भावाची आणि दुसरी वजनाची. दुसऱ्या वाटेने मी कधी गेलो नाही व जाणारही नाही. माझी वजने सरकारी शिक्क्याची आहेत. ती आपण केव्हाही उचलून पाहावीत.

म्हणून एक विनंती आहे. एखाद्या दुकानावर ‘वीस टक्के सूट’ अशी पाटी दिसली, तर पाटीकडे न पाहता तीन गोष्टी पाहाव्यात. सूट वजा करून एक किलोचा भाव काय पडतो? माल त्याच प्रतीचा आहे काय? आणि घरी आणून तोलला तर वजन पुरे भरते काय? १५० रुपये किलो लिहिलेली डाळ वीस टक्के सुटीने १२० रुपयांना पडते. माझी डाळ सुटीवाचूनच १२० रुपयांना आहे. फरक एवढाच, की तेथे आपणांस तीस रुपये वाचल्याचा आनंद मिळतो आणि येथे तो मिळत नाही. तो आनंद मात्र माझ्या दुकानात विक्रीस नाही.

आता खरी सूट कोठे आहे, तेही सांगतो. डाळीचा तीस किलोचा कट्टा न फोडता नेला, तर मला तोलावे लागत नाही, पुड्या बांधाव्या लागत नाहीत व सांडलवंड होत नाही. रोख पैसे आले, की माझी रक्कमही अडकून पडत नाही. माझा जो खर्च वाचतो, तो मी आपणांस देऊ शकतो. असा कट्टा मी ११८ रुपये किलोप्रमाणे देईन. ३,६०० ऐवजी ३,५४० पडतील. तीन घरांनी मिळून नेला, तर प्रत्येकाचे २० रुपये वाचतील. ही सूट लहान आहे, परंतु ती आधी वाढवून मग दिलेली नाही.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
सूट न देणारा परंतु वजनात न चुकणारा दुकानदार”

दुसऱ्या दिवशी पत्र काकांच्या हाती पडले. त्यांनी चष्मा चढविला, पेन्सिल घेतली आणि जुन्या सवयीप्रमाणे प्रत्येक आकडा पडताळून पाहिला. १,५८४ पाशी ते थबकले. पुन्हा गुणाकार केला. पुन्हा तेच उत्तर आले. तेव्हा ते एकटेच मोठ्याने हसले. आतून सूनबाई विचारू लागल्या, “काय झालं, बाबा?” काका म्हणाले, “आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले. आज किराणेवाल्याने माझा तपासला!”

चार दिवसांनी प्रकृती सुधारल्यावर काका शेजारच्या दोघा गृहस्थांना बरोबर घेऊन दुकानात आले. त्यांनी आधीच्या सामानाचे १,६०० रुपये मोजून दिले, डाळीचा एक कट्टा रोखीने घेतला आणि ११८ ला तीसने गुणून रक्कम बरोबर असल्याची खात्री करून घेतली. दुकानदार त्यांच्या तोंडाकडे पाहत होता. काकांचे ओठ हलले; शब्द ओठांवर आला होता, पण त्यांनी तो गिळला.

ते पाहून दुकानदाराने बरणीतून गुळाचा एक खडा काढला आणि काकांच्या हातावर ठेवला.

“याची किंमत?” काकांनी विचारले.

“कमाल किंमत पाच रुपये,” दुकानदार म्हणाला, “अन् सूटही पाच रुपये. पण काका, आधी भाव वाढवला नाही, हे मात्र लिहून घ्या!”

अभ्यास

१. दुकानदाराने काकांना पत्र लिहिण्याचे ठरविले, त्यामागील अडचण तुमच्या शब्दांत सांगा.
२. साखर व जिरे यांवरील नफा सारखा का नसतो?
३. १,००० रुपयांच्या वस्तूची किंमत वीस टक्क्यांनी वाढवून नंतर तीवर वीस टक्के सूट दिली, तर किती रुपये उरतील? उत्तर १,००० का येत नाही?
४. ‘सूट’, ‘सुट्टी’ आणि ‘सुटे’ या शब्दांचा अर्थ स्पष्ट होईल अशी वाक्ये लिहा.
५. काकांनी दुकानदारास धाडावयाचे उत्तर पत्ररूपाने लिहा.