मळ नव्हे, घासल्याचे डाग!



सातवीतल्या एका मुलीची कल्पना करा. अंगाने सडपातळ. तिच्या गळ्याखालच्या दोन्ही हाडांवर, म्हणजे हासळीवर, तपकिरी काळपट पट्टे आहेत. पाठीच्या वरच्या भागातही तसेच डाग आहेत. खाज नाही, आग नाही. घरचे म्हणतात, "मळ साचलाय, नीट घास." मग ती नायलॉनच्या जाळीची घासणी घेऊन रोज जोर लावते. डाग अधिक गडद होतात. म्हणून ती आणखी जोर लावते. वर्गात कुणीतरी "आंघोळ करत नाहीस का?" म्हणतं, आणि ती कॉलरचं वरचं बटण लावून बसू लागते.

खरं तर ही मुलगी बहुधा वर्गात सगळ्यात जास्त घासून आंघोळ करणारी असते. या डागांना वैद्यकशास्त्रात 'फ्रिक्शन मेलॅनोसिस' म्हणतात, म्हणजे घर्षणाने आलेला काळेपणा. जपानमध्ये अंग घासायला लांब नायलॉनचा टॉवेल वापरतात. त्याची दोन टोकं धरून तो पाठीवरून मागेपुढे ओढतात. 1980 च्या दशकात तिथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या डागांचा संबंध त्या टॉवेलशी जोडला. आपल्याकडे जाळीची घासणी, प्लॅस्टिकचा ब्रश किंवा वजरी अंगावर चालवली तरी तेच होतं.

डाग हाडांवरच का?

हे मुलांना दाखवायला एक सोपी कृती आहे. नाण्यावर कागद ठेवा आणि पेन्सिल आडवी धरून घासा. नाण्याचा जो भाग उंच असतो तोच कागदावर काळा उमटतो. शरीरावरही असंच घडतं. पोटावर किंवा दंडाच्या आतल्या बाजूला त्वचेखाली मऊ गादी असते, त्यामुळे दाब पसरतो. हासळी, खांद्याचं हाड, पाठीचा कणा, कोपराजवळचा भाग आणि नडगी इथे मात्र त्वचा घासणी आणि हाड यांच्यात चेपली जाते. म्हणून बारीक अंगाच्या मुलांत हे डाग जास्त ठळक दिसतात.

साबणाने का जात नाहीत?

त्वचेचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे येतो. ते बाह्यत्वचेच्या तळाशी असलेल्या पेशी तयार करतात. रोजच्या घर्षणाने हा तळाचा थर दुखावतो आणि रंगद्रव्य त्याच्याखाली, अंतस्त्वचेत झिरपतं. तिथे काही पेशी ते गिळून साठवून ठेवतात. बाह्यत्वचा झडत झडत नवी होत असते, त्यामुळे वरचा रंग निघून जातो. खाली गेलेला रंग मात्र सहज बाहेर पडत नाही. थोडक्यात, डाग त्वचेच्या आत असतो आणि आपण बाहेरून घासत राहतो.

ओळखायचं कसं?

पालकांनी तीन गोष्टी पाहाव्यात. डाग हाडांच्या रेषेत आहेत का? त्वचा सपाट आहे, की जाड झाली आहे? आणि अंग कशाने, किती दिवस घासलं जातंय?

मळाची शंका असेल तर कापसावर स्पिरिट घेऊन हलक्या हाताने पुसून पाहा. काही मुलांच्या अंगावर साबणाने न निघणारा मळकट थर बसतो, तो स्पिरिटने लगेच निघतो. घर्षणाचा डाग निघत नाही.

मानेच्या आणि काखेच्या घड्यांत जाड, मखमली काळेपणा असेल तर तो वेगळा प्रकार आहे. तो बऱ्याचदा वाढलेलं वजन आणि इन्सुलिनच्या बिघाडाशी जोडलेला असतो. खूप खाज येत असेल, पाण्यावरच्या लहरींसारख्या रेघा दिसत असतील किंवा पापुद्रे सुटत असतील, तरीही त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं.

उपाय

पहिला आणि मुख्य उपाय म्हणजे घासणी बंद. साबणाचा फेस हातानेच लावावा. अंग मऊ सुती पंचाने टिपून घ्यावं, रगडू नये. डाग काही दिवसांत जाणार नाहीत, कित्येक महिने लागतात. कधी वर्षाहून अधिक काळ जातो आणि थोडी छटा राहूही शकते. आठवड्याभरात फरक दिसला नाही म्हणून घरचे पुन्हा घासणी हातात देतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून दर महिन्याला एकाच जागी, एकाच उजेडात फोटो काढून ठेवा. रोज पाहताना न जाणवणारा फरक त्यात दिसतो.

लिंबू, खाण्याचा सोडा यांनी त्वचेची आग होऊन डाग वाढू शकतात. दुकानातून परस्पर आणलेल्या गोरं करणाऱ्या काही क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. त्याने त्वचा पातळ होते, म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काही लावू नका.

आणि शिक्षक मित्रांनो, स्वच्छतेच्या तासाला नखं, केस, दात पाहताना अशा मुलीला सगळ्यांसमोर "मान घासून ये" असं म्हणू नका. ती घरी जाऊन खरंच घासेल. पालकांना बाजूला बोलावून एवढंच विचारा, "आंघोळीला घासणी कुठली वापरता?"