संदेशाचे संरक्षण आणि त्याची नक्कल

प्रश्न : व्हॉट्सॲपवरील संदेश ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड’ असतात, म्हणजे ते तिऱ्हाइताच्या हाती कधीच लागणार नाहीत, असे समजावे काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : संदेश आपल्या फोनमध्येच संकेतबद्ध होतो आणि तो उलगडण्याची किल्ली केवळ समोरच्या व्यक्तीच्या फोनमध्ये असल्यामुळे मार्गात खुद्द कंपनीलाही तो वाचता येत नाही, हे २०१६ पासूनचे अभिवचन खरे आहे, परंतु ते संदेशाच्या प्रवासापुरते मर्यादित आहे. आपण बॅकअप चालू ठेवला असेल, तर संभाषणाची नक्कल गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर जमा होते, आणि तिला हे संरक्षण आपोआप लाभत नाही. आपल्या खात्यात शिरकाव करणाऱ्यास, किंवा न्यायालयाच्या हुकुमान्वये तपास यंत्रणेस, ती हस्तगत होऊ शकते.

२०२१ पासून यावर उपाय उपलब्ध आहे. ‘सेटिंग्ज’, ‘चॅट्स’, ‘चॅट बॅकअप’ या क्रमाने जाऊन ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप’ चालू करावा आणि स्वतंत्र पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली निवडावी. ती किल्ली मात्र कागदावर उतरवून जपावी. हरवल्यास कंपनीलाही नक्कल उघडून देता येत नाही.

तथापि, समोरच्या व्यक्तीने स्वतःच्या बॅकअपची हीच तजवीज केली नसेल, तर आपलेच शब्द तिच्या खात्यात असंरक्षित राहतात, आणि हे आपणांस पडद्यावर कोठेही दिसत नाही. म्हणून महत्त्वाच्या व्यवहारापूर्वी समोरच्यास तसे स्पष्ट विचारावे.